मदत किती आणि कुठवर?

लेव व्हिगॉट्स्की यांनी आयुष्याच्या अखेरच्या दीड वर्षात, म्हणजे 1933-34 च्या सुमारास, आपल्या व्याख्यानांतून आणि लिखाणातून दोन मुलांचे एक उदाहरण वारंवार मांडले. दोन्ही मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली आणि दोघांचेही मानसिक वय आठ वर्षे निघाले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे परीक्षकाचे काम इथे संपत असे. आकडा लिहायचा, मुलाला त्या आकड्याच्या रांगेत बसवायचे आणि पुढच्या मुलाला बोलवायचे. व्हिगॉट्स्कींचे म्हणणे असे, की खरी चाचणी इथून सुरू व्हायला हवी. आता त्याच मुलांना त्यांच्या आवाक्याबाहेरची कोडी द्यावीत, पण या वेळी थोडी मदतही करावी. एखादा सूचक प्रश्न विचारावा, उत्तराची पहिली पायरी दाखवावी किंवा तशाच प्रकारचे एक कोडे आपण सोडवून दाखवावे. अशा मदतीने एक मूल बारा वर्षांच्या मुलासाठी असलेल्या कोड्यांपर्यंत पोचते, दुसरे मात्र नऊ वर्षांच्या पुढे सरकत नाही. मग चाचणीच्या कागदावर सारखी दिसणारी ही दोन मुले शिकण्याच्या बाबतीत सारखी म्हणायची का? एकाच्या बाबतीत एकट्याची झेप आणि मदतीची झेप यांत चार वर्षांचे अंतर आहे, दुसऱ्याच्या बाबतीत एका वर्षाचे. या अंतराला त्यांनी निकट विकासाचे क्षेत्र म्हटले. मुलाला आज काय येते हे चाचणी सांगते. उद्या त्याला काय येऊ शकेल हे कळायचे, तर हे अंतर पाहावे लागते.

ही कल्पना निघाली ती मुलांना मोजण्याच्या वादातून. सोव्हिएत शाळांमध्ये तेव्हा बुद्धिमापन चाचण्यांचा बराच बोलबाला होता आणि चाचणीच्या आकड्यावरून मुलांची वर्गवारी केली जात होती. व्हिगॉट्स्कींना एका विसंगतीने विचारात पाडले होते. शाळेत येताना ज्यांचा बुद्ध्यंक जास्त असतो त्यांचा तो पुढच्या काही वर्षांत खाली येताना दिसतो आणि ज्यांचा कमी असतो त्यांचा वर जाताना दिसतो. तेव्हा प्रवेशाच्या वेळचा आकडा मुलाची पुढची वाट सांगू शकत नाही. निकट विकासाचे क्षेत्र हे त्यांनी या कोड्याला शोधलेले उत्तर होते. पण ते उत्तर तपशिलात नेण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. 11 जून 1934 रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले तेव्हा ते 37 वर्षांचे होते. ‘विचार आणि वाणी’ हे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी बाहेर पडले. दोनच वर्षांनी, 4 जुलै 1936 रोजी, कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने मुलांच्या चाचण्या घेणाऱ्या ‘पेडॉलॉजी’ या शास्त्राविरुद्ध ठराव केला. त्या लाटेत चाचण्यांच्या समर्थकांबरोबर त्यांचे टीकाकारही झाकोळले गेले. व्हिगॉट्स्कींचे लिखाण रशियात पुन्हा छापले गेले ते 1956 मध्ये, त्यांच्या पुस्तकाचा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद आला 1962 मध्ये आणि निकट विकासाच्या क्षेत्रावरचे त्यांचे विवेचन जगभरच्या शिक्षकांच्या हाती पडले ते 1978 च्या एका संकलनामुळे. ज्या कल्पनेला आज शिक्षणशास्त्रात मानाचे पान आहे, ती चार दशके बहुतेकांना ठाऊकच नव्हती.

शिवाय ती अर्धीच होती. मुलाला मदतीने काय जमते ते पाहा, एवढे व्हिगॉट्स्कींनी सांगितले. ती मदत कोणत्या क्रमाने द्यायची, किती द्यायची आणि मुख्य म्हणजे कधी थांबवायची, याचे टप्पे त्यांनी आखून दिले नाहीत. आपल्याकडे शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी करणारे उमेदवार निकट विकासाचे क्षेत्र आणि ‘स्कॅफोल्डिंग’ ही जोडी एका दमात पाठ करतात, जणू दोन्ही एकाच माणसाने एकाच बैठकीत सांगितले होते. वस्तुतः दुसरी कल्पना वेगळ्या देशात, वेगळ्या माणसांनी आणि लाकडी ठोकळ्यांचा खेळ घेऊन तपासली. पुरेशी मदत म्हणजे किती, या प्रश्नाला तिथे जे उत्तर मिळाले, ते एखाद्या ठरीव मात्रेचे नव्हते. तो एक नियम होता : मुलाने नुकतेच जे केले, त्यावरून पुढची मदत ठरवायची. तिची मात्रा आधी ठरवून ठेवता येत नाही.

1976 मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. व्हिगॉट्स्कींच्या 1962 च्या अनुवादाला प्रस्तावना लिहिणारे ते हेच ब्रूनर. तरी या निबंधात व्हिगॉट्स्कींचा आधार घेतलेला नाही. या तिघांचा प्रश्न साधा होता : एखादे काम मुलाला एकट्याने जमत नसेल, तर जाणता माणूस त्याला ते शिकवताना नेमके काय करतो? त्यासाठी त्यांनी तीन, चार आणि पाच वर्षांची प्रत्येकी दहा, अशी तीस मुले घेतली. समोर 21 लाकडी ठोकळे ठेवले. ते नीट जुळवले की सुमारे नऊ इंच उंचीचा, सहा थरांचा मनोरा उभा राहतो. सगळ्यात वर एकच ठोकळा आणि खालच्या प्रत्येक थरात एकसारखे चार. या चारांतले दोन-दोन ठोकळे खुंटी आणि भोक यांच्या साहाय्याने एकमेकांत अडकतात, अशा दोन जोड्या मिळून चौकोनी थर होतो, आणि जोड्या बरोबर दिशेने लागल्या तरच पुढचा थर पक्का बसेल असा गोल उंचवटा मधोमध तयार होतो. काम मुद्दामच असे निवडले होते, की मुलाला त्यात गोडी वाटेल, पण एकट्याने ते सहज जमणार नाही आणि एका थरात शिकलेले दुसऱ्या थरात उपयोगी पडेल.

शिकवणाऱ्या रॉस यांनी स्वतःवर काही बंधने घालून घेतली होती. पहिली पाच मिनिटे मुलाला ठोकळ्यांशी मोकळे खेळू द्यायचे. त्याला आपोआप जोडी सापडली नाही, तर एक जोडी जुळवून दाखवायची. मग मूल जे जे स्वतः करू शकेल ते त्याला करू द्यायचे. आधी बोलून सुचवायचे आणि त्याने भागले नाही तरच हात लावायचा. मुलाने जोडी चुकीची लावली, तर ‘हे आपल्या आधीच्या जोडीसारखं झालंय का, बघ बरं,’ अशा अर्थाचे काही बोलून त्याचे लक्ष चुकीकडे वळवायचे. जोडी बरोबर लागली, की बाजूला व्हायचे. या एकाच धोरणाने वागूनही तिन्ही वयांत शिकवणारीची भूमिका वेगवेगळी झाली, ही या निबंधातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. तीन वर्षांची मुले तिच्या सूचनांकडे बऱ्याचदा काणाडोळा करत, त्यामुळे तिचा बराच वेळ त्यांना खेळाकडे पुन्हा पुन्हा ओढून आणण्यात गेला. चार वर्षांची मुले कामात रमत पण चुकत, तिथे ती शब्दांनी चूक दाखवणारी झाली. पाच वर्षांच्या मुलांना तिची गरज मुख्यतः आपले बरोबर आहे ना, एवढे विचारण्यापुरती होती. लहान मुलांना बरोबर जोडी स्वतः लावता येण्याआधी ती ओळखता येत होती, हेही दिसले. शिकवणाऱ्याला हाताशी धरता येईल असा आधार तो हाच. मनोरा कसा दिसायला हवा याची मुलाला काहीच जाणीव नसेल, तर चूक दाखवून उपयोग नाही, कारण ती कशाच्या तुलनेत चूक आहे हेच त्याला कळणार नाही.

इमारत बांधताना गवंडी परांचीवर उभा राहतो आणि भिंत स्वतःच्या बळावर उभी राहिली की परांची सोडवली जाते. या प्रकारच्या मदतीला निबंधकारांनी ‘स्कॅफोल्डिंग’ म्हटले ते याच अर्थाने, आणि त्यात परांचीचे सुटणे तिच्या बांधण्याइतकेच महत्त्वाचे आहे. त्यांनी शिकवणाऱ्याची सहा कामे सांगितली : मुलाला कामात ओढणे, काम त्याला पेलेल इतके सोपे करणे, त्याचे लक्ष ध्येयावर टिकवणे, करायला हवे होते आणि झाले यातला फरक ठळक करणे, वैताग आवरणे आणि करून दाखवणे. यादी उपयुक्त आहे, पण तिने एक घोटाळाही केला. शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांत ती यादीच शिल्लक राहिली. सहाही गोष्टी करणारा शिक्षक चांगला, असे समीकरण झाले. त्या केव्हा करायच्या आणि केव्हा सोडून द्यायच्या, हा मूळ प्रश्न मागे पडला.

त्या प्रश्नाचे उत्तर वुड आणि त्यांचे सहकारी शोधतच होते. 1975 मध्ये वुड आणि डेव्हिड मिडलटन यांनी आया आपल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना हाच मनोरा कसा शिकवतात ते पाहिले आणि मदतीच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर फक्त मोघम प्रोत्साहन : ‘आता पुढचं करून बघ.’ दुसरीवर नेमकी शाब्दिक सूचना : ‘मोठे ठोकळे शोध.’ तिसरीवर आई ठोकळ्याकडे बोट दाखवते. चौथीवर ती ठोकळे मुलासमोर योग्य दिशेने मांडून ठेवते, फक्त जोडणे बाकी असते. पाचवीवर ती स्वतः जोडून दाखवते. आता समजा, चार वर्षांची एक मुलगी दुसऱ्या थराशी अडली आहे. आई म्हणते, ‘मोठे ठोकळे शोध.’ मुलगी भलताच ठोकळा उचलते. सूचना फसली, तेव्हा मदत एक पायरी वाढवायची : आई योग्य ठोकळ्याकडे बोट दाखवते. मुलगी तो घेते आणि जोडते. जमले, तेव्हा मदत एक पायरी कमी करायची : पुढच्या जोडीला बोट दाखवायचे नाही, पुन्हा शब्दांवर यायचे. तेही जमले की ‘आता पुढचं कर’ एवढेच. नियम दोनच ओळींचा आहे : फसले तर वाढवा, जमले तर घटवा. ज्या आया साधारण या नियमाने वागल्या, त्यांच्या मुलांनी नंतर एकट्याने मनोरा अधिक चांगला उभा केला.

यावर रास्त शंका अशी, की कदाचित हुशार मुलांच्या आयांनाच असे वागणे सोपे जात असेल. मूल पटापट शिकत असेल तर मदत आपोआप कमी होत जाणार. मग कारण कुठले आणि परिणाम कुठला? या शंकेला उत्तर द्यायचे तर शिकवण्याची पद्धत प्रयोगकर्त्याने ठरवायला हवी, आईवर सोपवून चालणार नाही. डेव्हिड वुड, हेदर वुड आणि मिडलटन यांनी 1978 मध्ये नेमके तेच केले. मुलांचे चार गट पाडले. एका गटाला फक्त शब्दांनी शिकवले. दुसऱ्याला फक्त करून दाखवले. तिसऱ्याला कधी करून दाखवले, कधी शब्दांनी सांगितले. चौथ्याला वरच्या नियमाने, म्हणजे मुलाच्या यशापयशाप्रमाणे मदत वाढवत-घटवत शिकवले. नंतर प्रत्येक मुलाला मनोरा एकट्याने करायला दिला, तेव्हा चौथा गट सर्वांत पुढे राहिला. यात तिसऱ्या गटाची तुलना सर्वांत मोलाची आहे. त्या मुलांना दाखवणेही मिळाले होते आणि सांगणेही, म्हणजे मदतीचे दोन्ही टोकांचे प्रकार त्यांच्या वाट्याला आले होते. फक्त ते मुलाच्या कृतीशी बांधलेले नव्हते. म्हणजे मदतीत विविधता असल्याने काम भागत नाही. मूल आत्ता कुठे अडले आहे, त्याला ती मदत धरून असावी लागते.

हे का घडते, याचा उलगडा चुका पाहिल्यावर होतो. नुसते करून दाखवले तर लहान मूल मोठ्या कृतीतला कोणता भाग महत्त्वाचा हे ओळखू शकत नाही. ते शेवटी उभा राहिलेला मनोरा पाहते, पण दिशा कुठे बदलली ते त्याच्या नजरेतून सुटते. नुसते सांगितले तर ‘खुंटी भोकात घाल’ या शब्दांचा अर्थच त्याला कृती पाहिल्याशिवाय लागत नाही. आणि मूल स्वतःच्या बळावर पुढे जात असताना मध्ये बोलले, तर त्याचे लक्ष कामावरून उडून बोलणाऱ्याकडे जाते. पुढच्या वेळी ते ठोकळ्याकडे न पाहता मोठ्यांच्या तोंडाकडे पाहू लागते. मदत जास्त झाल्याची खूण हीच. मदत कमी पडल्याची खूण वेगळी असते : मूल तीच चूक त्याच पद्धतीने पुन्हा करते किंवा काम सोडून भलतेच काहीतरी सुरू करते. या दोन्ही खुणा काम चालू असतानाच दिसतात, त्यासाठी परीक्षेची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. मदतीने सोडवलेले कोडे म्हणजे शेवटी नक्कलच नव्हे का? मोठ्याने दाखवले, मुलाने तसे केले. यात शिकणे कुठे आले? व्हिगॉट्स्कींनी हा आक्षेप ओळखला होता आणि त्यांचे उत्तर आजही पटते. नक्कल वाटेल त्या गोष्टीची करता येत नाही, असे ते म्हणतात. अंकगणित येणारा माणूस एखाद्या उदाहरणात अडला आणि कोणी फळ्यावर रीत दाखवली, तर ती त्याला लगेच उमगते आणि तो पुढचे उदाहरण करू शकतो. उच्च गणिताचा गंध नसलेल्या माणसाला तिथली रीत कितीही वेळा दाखवली, तरी तो एक पाऊलही पुढे जाणार नाही. तेव्हा मुलाला ज्याची समजून नक्कल करता येते, त्यातूनच त्याचा आवाका कळतो. तरीही आक्षेपातला एक अंश शिल्लक राहतोच. मदत चालू असताना दिसलेले यश हा पुरावा अर्धवट असतो, आणि म्हणूनच 1978 च्या प्रयोगात शेवटी मुलाला एकटे बसवणे आवश्यक होते.

तिसरा आक्षेप शाळेतल्या शिक्षकाचा आहे. ठोकळे आणि पुस्तक यांत फरक आहे, आणि एका मुलामागे एक मोठे माणूस ही चैन वर्गात परवडत नाही. यातल्या पहिल्या भागाला 1984 मधले एक काम चांगले उत्तर देते. अमेरिकेत अ‍ॅनमरी पॅलिन्सार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी सातवीच्या अशा मुलांबरोबर काम केले, ज्यांना अक्षरे वाचता येत, पण वाचलेले कळत नसे. उतारा वाचायचा आणि त्यावर चार गोष्टी करायच्या : प्रश्न काढायचा, सार सांगायचे, न कळलेले उलगडायचे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. आधी शिक्षिका हे करून दाखवी, मग एकेक मूल शिक्षकाच्या भूमिकेत बसे. सुरुवातीच्या दिवशी एका मुलाला सापांच्या उताऱ्यावर प्रश्नच करता येईना. त्याचे वाक्य अर्ध्यात तुटले. शिक्षिकेने विषय आखडून दिला, मग ‘का’ने सुरू होणारा प्रश्न सुचव म्हटले, तेही जमले नाही तेव्हा पूर्ण प्रश्न स्वतः तयार करून दिला आणि त्याला तो म्हणायला लावला. तोही त्याने चुकवला. पंधराव्या दिवशी त्याच मुलाने दक्षिण ध्रुवावरच्या उताऱ्यावर, तिथे शास्त्रज्ञ अभ्यासासाठी का जातात, असा नेटका प्रश्न विनामदत विचारला, आणि शिक्षिकेला शाबासकीपलीकडे काही बोलावे लागले नाही. मदतीची शिडी तीच होती, फक्त ठोकळ्यांच्या जागी वाक्ये होती.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र झटकून टाकता येत नाही. प्रत्यक्ष वर्गात मुलाच्या कृतीला धरून दिलेली मदत क्वचितच दिसते, कारण शिक्षक निदान करण्याआधीच उपाय करतो. गटाजवळ जाऊन, काय अडले हे न विचारता, तो संपूर्ण रीत समजावून पुढच्या बाकाकडे जातो. नेदरलँड्समध्ये जॅनेके व्हान डे पोल आणि सहकाऱ्यांनी यावर चार पायऱ्या सुचवल्या : आधी विचारून निदान करायचे, ते निदान बरोबर आहे का हे मुलाकडूनच तपासून घ्यायचे, मग मदत करायची आणि शेवटी मुलाला खरेच कळले का हे पाहायचे. 2015 मध्ये त्यांनी 30 शिक्षकांच्या वर्गांत या पद्धतीचा परिणाम तपासला आणि निकाल सरळसोट आला नाही. मुलांना दोन मदतींच्या मध्ये स्वतः काम करायला भरपूर वेळ मिळत होता, तिथे गरजेनुसार बेतलेली मदत अधिक गुणकारी ठरली. जिथे शिक्षक वरचेवर येत होता, तिथे मात्र तशी बेतलेली मदत उलट कमी उपयोगी पडली. वरवर हे विचित्र वाटते, पण मनोऱ्याच्या नियमाशी ते सुसंगत आहे. निदान करायला वेळ लागतो; प्रश्न विचारले जातात, उत्तरे तपासली जातात, आणि हे दर काही मिनिटांनी होऊ लागले तर मुलाचे स्वतःचे काम सारखे तुटते. थोडी आणि अचूक मदत, आणि तिच्यानंतर लांब मोकळा वेळ, हे दोन्ही मिळूनच ‘पुरेशी मदत’ होते.

एक मर्यादा तरीही मान्य करावी लागते. मनोऱ्याचा शेवट शिकवणाऱ्याला आधीच ठाऊक असतो. योग्य जोडी कोणती याबद्दल वाद नाही. निबंध लिहिणे, एखाद्या घटनेचा अर्थ लावणे, चित्र काढणे यांत असे एकच उत्तर नसते, आणि तिथे प्रत्येक ‘चूक’ दुरुस्त करत बसलेला शिक्षक मुलाला आपल्याच मनोऱ्याकडे ओढत नेईल. व्हिगॉट्स्कींच्या कल्पनेत मूल आणि मोठे यांच्यातले बोलणे केवळ दुरुस्तीसाठी नव्हते. त्यातून संकल्पना घडतात असे ते मानत. ठोकळ्यांच्या प्रयोगाने त्यांच्या कल्पनेचा एक भाग नेमका केला, सगळा नाही. पण तो भाग शिक्षकाच्या रोजच्या कामातला आहे आणि तो तपासताही येतो. वर्गात किती मदत झाली, कोणती साधने वापरली, सहा कामांपैकी किती झाली, या नोंदींवरून त्याची परीक्षा होत नाही. मदत थांबल्यावर, त्याच जातीचे पण नवे उदाहरण समोर ठेवले असता, मूल पहिली पायरी कोणाकडे न पाहता टाकते की नाही, एवढेच पाहायचे. टाकत असेल तर दिलेली मदत पुरेशी होती. टाकत नसेल तर ती कमी पडली किंवा जास्त झाली, आणि यांतले कोणते, हे मुलाच्या पुढच्या चुकीवरून कळते.